केंद्रावर झिंक नसेल त्या महिन्यात

प्रोटोकॉल परत आला तेव्हा त्यावर एकच शेरा होता. कलम ६.२, 'कंट्रोल गटाचं समर्थन', आणि समासात निळ्या पेनाने लिहिलेलं: "केंद्रावर झिंक नसेल त्या महिन्यात काय?"

अक्षर गोल होतं, शाळेतलं. एथिक्स कमिटीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि एक जागा अशा माणसाची असते ज्याचा वैद्यकशास्त्राशी काही संबंध नाही. आमच्या कमिटीत त्या जागेवर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. खरं सांगायचं तर त्या जागेवरच्या माणसाकडून संमतीपत्रातलं शुद्धलेखन तपासलं जाईल, याहून जास्त अपेक्षा मी केलेली नव्हती.

आमचा अभ्यास साधा होता. लहान मुलांना जुलाब लागल्यावर प्रोबायोटिकची, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंची पुडी दिली तर जुलाब लवकर थांबतात का? एका गटाला ती पुडी, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, त्याच चवीची, पण जिवाणू नसलेली पुडी. म्हणजे प्लासिबो. कोणाला कोणती मिळाली हे आईलाही माहीत नसणार, देणाऱ्यालाही नाही. मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रं निवडली होती. सर प्रमुख संशोधक होते, आणि प्रोटोकॉल लिहायचं काम माझ्याकडे होतं.

६.२ वर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, म्हणून तो शेरा जास्त झोंबला. कंट्रोल गटाला औषध न देण्याचं समर्थन 'इक्विपॉइज'वर उभं असतं. तराजूचा काटा मधोमध थांबलेला असणं, असा त्याचा साधा अर्थ. पूर्वी असं मानत की हा काटा त्या एका डॉक्टरच्या मनात मधोमध असला पाहिजे. 'मला खरंच माहीत नाही कोणतं बरं' असं म्हणता आलं, तरच त्याने चिठ्ठी टाकून पेशंटला या किंवा त्या गटात घालावं. पण असा डॉक्टर सापडायचा कुठे? प्रत्येकाचा कुठेतरी कल असतोच. माझाही होता: ही पुडी फारशी कामाची नाही असं मला वाटत होतं. १९८७ साली बेंजामिन फ्रीडमन या कॅनडातल्या तत्त्वज्ञाने हा गुंता सोडवला. त्याचं म्हणणं, एका माणसाच्या मनातला काटा बघू नका, जाणकारांच्या समूहात खरा मतभेद आहे का ते बघा. तो असेल तर कल असलेला डॉक्टरही प्रामाणिकपणे चाचणीत भाग घेऊ शकतो, कारण शेजारच्या खोलीतला तितकाच जाणता डॉक्टर उलट सल्ला देतोय हे त्याला ठाऊक असतं. यालाच 'क्लिनिकल इक्विपॉइज' म्हणतात.

आमच्याकडे तो मतभेद होता. आधीचे बरेच छोटे अभ्यास पुडीच्या बाजूने होते. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्र प्लासिबोपेक्षा काही फायदा दिसला नव्हता. आपल्याकडची मुलं, आपल्याकडचे जंतू वेगळे, तेव्हा इथे काय होईल यावर बालरोगतज्ज्ञांमध्ये सरळ दोन तट होते. हे सगळं मी दीड पान मांडलं होतं. शेवटी एक वाक्य: 'दोन्ही गटांतील बालकांना स्थानिक पातळीवर उपलब्ध असलेले प्रमाणित उपचार मिळतील.'

बाईंनी बोट ठेवलं ते याच वाक्यावर. दीड पान इक्विपॉइज त्यांनी मान्य केलं होतं.

जुलाबावरचे प्रमाणित उपचार म्हणजे ओआरएस आणि झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर १०, असं चौदा दिवस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ पासून हे सांगितलंय, आपल्या सरकारी कार्यक्रमातही तेच आहे. झिंकने सहा महिन्यांवरच्या मुलांचा जुलाब साधारण अर्ध्या दिवसाने कमी होतो. कागदावर ते प्रत्येक केंद्रावर असतं. प्रत्यक्षात आमच्या दोन तालुक्यांत साठा संपला की कधी आठवडा, कधी महिना जायचा. हे मला माहीत होतं आणि बाईंनाही माहीत होतं, कारण त्यांची सून आशा कार्यकर्ती होती. 'स्थानिक पातळीवर उपलब्ध असलेले' हे शब्द मी ते माहीत असूनच लिहिले होते.

सरांना शेरा दाखवला. मला वाटलं होतं ते म्हणतील, दोन ओळींचं उत्तर देऊन टाक. ते म्हणाले, "रोटाव्हॅकची चाचणी वाचून ये. तुझ्या या वाक्यावरून तिथे केवढा वाद झालाय बघ."

रोटाव्हायरस हा लहान मुलांतल्या जोरदार जुलाबांमागचा मोठा गुन्हेगार. त्यावरची रोटाव्हॅक ही भारतीय लस. तिचा मूळ विषाणू, ११६ई, १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांकडून मिळाला होता, आणि गंमत म्हणजे ती बाळं आजारी नव्हती. पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने त्याची लस बनवली. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली: दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू. ६,७९९ बाळं. दर तिघांमागे दोघांना लस, एकाला प्लासिबो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे डोस.

पेच असा होता की तोपर्यंत रोटाव्हायरसवर दोन परदेशी लशी आलेल्या होत्या. त्या भारतात परवाना घेऊन विकल्या जात होत्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना शिफारस केली होती की ही लस तुमच्या लसीकरणात घ्या. शहरातल्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजले की मिळत होती. सरकारी कार्यक्रमात नव्हती. मग २,२६७ बाळांना काहीच नसलेले थेंब पाजण्याचं समर्थन कसं करायचं?

हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की इक्विपॉइज आहे की नाही, हा प्रश्न अर्धवट आहे. काटा मधोमध आहे का हे विचारण्याआधी दुसऱ्या पारड्यात काय ठेवलंय ते विचारावं लागतं. '११६ई विरुद्ध काहीच नाही' असं तोललं तर काटा खरंच मधोमध होता. ही लस चालेल की नाही कोणालाच माहीत नव्हतं. 'रोटाव्हायरसवरची कुठलीतरी लस विरुद्ध काहीच नाही' असं तोललं, तर काटा सरळ एका बाजूला. आणि दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं हे निसर्ग ठरवत नाही, प्रोटोकॉल लिहिणारा ठरवतो. माझ्यासारखा कोणीतरी, रात्री अकरा वाजता, लॅपटॉपवर.

मग नवी लस जुन्या लशीशीच का नाही ताडून बघितली? टीकाकारांचा प्रश्न हाच होता. त्याचं मला पटलेलं उत्तर पैशांचं नाही, मापाचं आहे. तोंडावाटे द्यायच्या लशी गरीब वस्त्यांत कमी चालतात. ज्या लशीने लॅटिन अमेरिकेत गंभीर आजार ८५ टक्क्यांनी कमी केला, तिनेच मलावीमध्ये ४९ टक्के केला. दुसऱ्या लशीने बांगलादेशात सुमारे ४३ टक्के. भारतात ती किती चालते याची मोठी चाचणी झालेलीच नव्हती. म्हणजे जुन्या लशीला फूटपट्टी धरायचं, तर त्या फूटपट्टीवरचे आकडे इथे पुसलेले. समजा दोन्ही गटांत मुलं सारखीच आजारी पडली. याचा अर्थ दोन्ही लशी चांगल्या, की दोन्ही निकामी? तिसरा, काहीच न मिळालेला गट असल्याशिवाय हे सांगता येत नाही.

शिवाय 'नवी जुनीपेक्षा फार वाईट नाही' हे सिद्ध करायला माणसं जास्त लागतात. मी वहीत गणित मांडून बघितलं. समजा जुन्या लशीने वर्षाला शंभरात दीड मुलं गंभीर आजारी पडतात, आणि नवी लस त्याच्या दीडपटीपर्यंत गेली तरी चालवून घ्यायची. नेहमीच्या सूत्राने सुमारे १९० आजारी मुलं दिसेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे जवळपास १२,७०० मुलांवर एक वर्ष लक्ष ठेवायचं. प्रत्यक्षात झालेल्या चाचणीच्या दुप्पट नाही, पण त्याच्या जवळ जाणारा आकडा. अशक्य नव्हतं. पण दीडपटीची सवलत म्हणजे काय? जी लस गंभीर आजार जेमतेम ३० टक्के कमी करते, तीही 'जुनीइतकीच बरी' म्हणून पास होऊ शकते. सवलत १.३ पटीवर आणली, तर तीस हजार मुलं लागतात. ('मोठा अभ्यास करायला काय होतं' असं मीही आधी सहज म्हणायचे.)

आता प्लासिबो गटाने काय मोजलं ते. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला निकाल असा. एक मूल एक वर्ष नजरेखाली राहिलं की ते एक बालक-वर्ष. लस गटात ४,७५२ बालक-वर्षांत रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबाच्या ७१ घटना. प्लासिबो गटात २,३६० बालक-वर्षांत ७६. यावरून लशीची परिणामकारकता ५३.६ टक्के निघाली, आणि हीच संख्या सगळीकडे छापून आली. मी तो आकडा उलटा करून बघितला. प्लासिबो गटातल्या मुलांना हीच लस मिळाली असती, तर ७६ ऐवजी ३५ घटना घडल्या असत्या. फरक ४१. एवढ्या वेळा एखादं बाळ डोळे खोल गेलेलं, ओठ सुकलेलं, आईच्या कडेवर मान टाकून पडलेलं होतं, कारण चिठ्ठी दुसरी निघाली. हे ४१ कोण, हे कोणीही सांगू शकत नाही. त्या ७६ मधल्या कुठल्याही आईला 'तुमचं बाळ त्यांतलं' असं म्हणता येणार नाही.

ती मुलं वाऱ्यावर सोडलेली नव्हती. अभ्यासाची माणसं दर आठवड्याला घरांशी संपर्क ठेवत आणि आजारी पडलेल्या मुलावर उपचार होत. लस गटात २५ आणि प्लासिबो गटात १७ मुलं अभ्यासाच्या काळात दगावली, त्यांतला एकही मृत्यू लशीमुळे झालेला मानला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने पुढे २०१४ साली ज्या अटी लिहिल्या, त्यांत हे येतं: लस आधीच असतानाही प्लासिबो चालू शकतो, पण प्रश्न दुसऱ्या कुठल्या रचनेने सुटत नसला पाहिजे, लशीवाचून राहण्याचा धोका पुरेसा कमी केलेला असला पाहिजे, आणि उत्तर त्याच लोकांच्या कामाचं असलं पाहिजे. २०१६ मध्ये रोटाव्हॅक सरकारी लसीकरणात आली. सगळं धरून मला तो प्लासिबो गट मान्य आहे. कुरकुरत, पण मान्य आहे.

जे मला मान्य होत नाही ते समर्थनांच्या यादीत हमखास डोकावणारं दुसरं वाक्य: 'या मुलांना तशीही लस मिळणार नव्हती.' वाक्य खरं आहे. पण त्याने समर्थन होत नाही. १९९०च्या दशकात ते याहून उघडपणे वापरलं गेलं होतं. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून झिडोव्हुडिन हे औषध १९९४ साली सिद्ध झालं. लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर आली. ते महाग आणि लांबलचक होतं, म्हणून छोटा, स्वस्त कोर्स चालतो का हे बघायला आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये चाचण्या सुरू झाल्या, त्यांतल्या बऱ्याच प्लासिबो घेऊन. तिथल्या बायकांना एरवी काहीच मिळत नाही, तेव्हा 'काहीच नाही' हीच तिथली प्रमाणित पद्धत, असं समर्थन. १९९७ मध्ये लुरी आणि वोल्फ या दोन अमेरिकन डॉक्टरांनी यावर झोड उठवली. छोटा कोर्स मोठ्या कोर्सशीच ताडा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच थायलंडमध्ये दुसरा एक गट नेमकं तेच करत होता. त्यांनी १,४३७ बायकांमध्ये प्लासिबो न वापरता कमी-जास्त लांबीचे कोर्स ताडले. सगळ्यात छोट्या कोर्समध्ये लागण १०.५ टक्के आणि लांब कोर्समध्ये ४.१ असं मध्येच दिसलं, तेव्हा छोटा कोर्स थांबवला. प्लासिबोवाल्या थाई चाचणीतही उत्तर मिळालं: १८.९ वरून ९.४. दोन्हीकडे उत्तर मिळालं, म्हणूनच तो वाद अजून संपत नाही.

हे वाचून झाल्यावर माझं वाक्य मी पुन्हा उघडलं. 'स्थानिक पातळीवर उपलब्ध असलेले.' माझ्याकडे तर फूटपट्टीची अडचणही नव्हती. झिंक चालतं हे सिद्ध होतं. पुडीचा परिणाम झिंकवर अधिक म्हणून मोजता येत होता, त्यासाठी कोणाचं झिंक काढून घ्यायची गरज नव्हती. मग मी ते शब्द का लिहिले? बजेट हे एक कारण. 'प्रत्यक्ष परिस्थितीत अभ्यास व्हावा' हे दुसरं, ऐकायला बरं वाटणारं. तिसरं मी सरांनाही सांगितलं नव्हतं. मुलांना झिंक कमी मिळालं तर जुलाब जास्त लांबतो, आणि लांबलेल्या जुलाबात पुडीला आपली करामत दाखवायला जास्त जागा मिळते.

ती जागा किती, हे मोजता येतं. मी आधी धरलं होतं की पुडीने जुलाब १२ तासांनी कमी व्हावा, आणि मुलामुलांतला फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ३० तास. त्याला प्रत्येक गटात ९८ मुलं पुरतात. सगळ्यांना नक्की झिंक मिळालं तर मूळ जुलाबच आखूड होतो, पुडीकडून ९ तासांचीच आशा धरता येते. मग प्रत्येक गटात १७४. म्हणजे १९६ ऐवजी ३४८ मुलं, शिवाय मध्येच सोडून जाणारी वेगळी. आमच्या वेगाने जवळपास एक पावसाळा जास्त. तेव्हापासून कोणाचाही प्रोटोकॉल वाचताना मी कंट्रोल गटाचं वर्णन आणि सॅम्पल साइजचं पान शेजारी ठेवून वाचते. कंट्रोल गट जितका उपाशी, तितकं ते पान स्वस्त होत असेल, तर तिथे थांबायचं.

नवीन ६.२ मध्ये लिहिलं की ओआरएस आणि झिंक अभ्यास स्वतः विकत घेईल आणि दोन्ही गटांना पूर्ण चौदा दिवसांचं देईल. सरांनी आकडे बघून फक्त "हं" केलं आणि निधी देणाऱ्यांना मुदतवाढीचं पत्र लिहायला घेतलं.

दुसऱ्या बैठकीला मी जरा ऐटीतच गेले. वकील साहेबांनी २०१९च्या नियमांची आठवण करून दिली: प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही दिले नाहीत आणि प्लासिबोमुळे इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. मी मान डोलावली, आता तो प्रश्नच नव्हता. मग संमतीपत्रावर चर्चा झाली. 'प्लासिबो'ला मी 'खोटं औषध' लिहिलं होतं, बाईंनी ते खोडून 'औषध नसलेली पुडी' केलं. "खोटं म्हटलं की आया म्हणतील, आपल्याला फसवतायत," त्या म्हणाल्या. तेही ठीक. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे केंद्रावर झिंक संपलं तरी तुमच्याकडे असणार?"

"हो बाई. सगळ्या मुलांना मिळेल."

"सही केलेल्या मुलांना."

मी गप्प बसले. मला लगेच कळलं नव्हतं, सरांना कळलं.

"अगं, मग झिंकसाठीच सही करतील ना आया," बाई म्हणाल्या. "पुडीचं त्यांना काय. पोराला गोळ्या मिळतील म्हणून अंगठा देतील. आणि जी नाही म्हणेल, तिच्या पोराला काय?"

एक भोक बुजवताना मी दुसरं पाडलं होतं. नकार द्यायला काही किंमत पडत नाही, यावरच तर संमती उभी असते. आमच्या रचनेत नकाराची किंमत एक झिंकची पट्टी होती.

मंजुरी त्या दिवशी मिळाली नाही. तिसऱ्या मसुद्यात वाक्य असं झालं: अभ्यासाच्या काळात या केंद्रांवर जुलाबासाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाला, अभ्यासात सहभागी असो वा नसो, ओआरएस आणि झिंक दिलं जाईल, आणि ते संमतीपत्र वाचून दाखवण्याआधी हातात दिलं जाईल. हा 'आधी' शब्द सरांनी घातला. आधी पट्टी, मग गोष्ट. त्यासाठी लागणाऱ्या पट्ट्यांचा अंदाज काढायला मी केंद्रांची तीन वर्षांची ओपीडी रजिस्टरं उलटली, जून ते सप्टेंबर वेगळे काढले आणि वर थोडा हात सैल ठेवला.

तरी अंदाज चुकला. पहिल्याच जुलैत एका केंद्रावर आमचा साठा आठ दिवस आधी संपला. रजिस्टरमध्ये नोंदी होत्या तेवढीच मुलं मी धरली होती. झिंक नक्की मिळतंय म्हटल्यावर, जी मुलं एरवी घरीच राहायची तीही यायला लागली होती. बाईंच्या सुनेचा फोन आला, "मॅडम, पट्ट्या संपल्यात, अजून पाठवा." मी त्या दुपारी तालुक्याच्या मेडिकलमधून होत्या तेवढ्या उचलल्या आणि संध्याकाळच्या एसटीने गेले.